'सी' की 'एस' : एका अक्षराचा इतिहास आणि दस्ताची शिस्त

अमेरिकेच्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. आरोपीला कोणते हक्क असावेत हे सांगणारे ते एकच दीर्घ वाक्य आहे. त्याच्या अखेरीस दोन हक्क शेजारी-शेजारी येतात. आपल्या बाजूचे साक्षीदार बोलावण्याचा एक आणि बचावासाठी वकील मिळण्याचा दुसरा. मूळ इंग्रजी प्रत पाहिली की एक मौज लक्षात येते. 'बाजू' या अर्थाचा 'फेव्हर' हा शब्द तेथे 'यू' गाळून, म्हणजे आज ज्याला आपण अमेरिकी म्हणतो तशा वळणाने लिहिलेला आहे. आणि 'बचाव' या अर्थाचा 'डिफेन्स' मात्र 'सी'ने, म्हणजे आजच्या ब्रिटिश वळणाने. १७८७ च्या मूळ घटनेतही 'लेबर' आणि 'बिहेव्हियर' यांत 'यू' आहे, पण 'ऑनर'मध्ये तो नाही.

हा निष्काळजीपणा नव्हता. ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन वेगळी वळणे तेव्हा ठरलेलीच नव्हती. ती फारकत रुजवली नोआ वेब्स्टर यांनी. १७८३ साली त्यांनी शाळेतील मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले, १८०६ मध्ये छोटा कोश आणि १८२८ मध्ये दोन खंडांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. आमच्या व्यवसायबंधूंना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, वेब्स्टर मूळचे वकील होते. नव्या राष्ट्राचे लेखनही स्वतंत्र असावे, हा त्यांचा आग्रह. पुढे त्यांची बरीच रूपे तिकडे रूढ झाली आणि इंग्लंड आपल्या जुन्या वळणावर राहिले. तेव्हापासून एकाच दस्तात दोन्ही वळणे दिसली की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो : हा मजकूर एकाच हातचा आहे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे एका लीव्ह अँड लायसन्स कराराच्या निमित्ताने आला. करारात 'लायसन्स' या नामाची व्याख्या केलेली होती आणि तेथे तो शब्द ब्रिटिश रीतीने शेवटी 'सी' घालून लिहिलेला होता. चौथ्या पानावरील परिशिष्टात मात्र तोच शब्द 'एस'ने आला होता. ठेव जप्त करण्याची अट नेमकी त्याच पानावर होती. प्रतिपक्षाने म्हटले की, हे पान मागाहून घातले आहे. आणि पुरावा म्हणून बोट ठेवले ते त्या एका अक्षरावर. खरा प्रकार साधा निघाला. कारकुनाने ते पान दुसऱ्या संगणकावर पुन्हा टंकले होते आणि तेथील तपासणीची भाषा अमेरिकी इंग्रजी होती. केवळ स्पेलिंग बदलल्याने करार रद्द होत नाही. न्यायालय शब्दांचा अर्थ पाहते. पण अर्थ निर्विवाद असूनही त्या अक्षराच्या खुलाशात साक्षीदाराची एक संपूर्ण उलटतपासणी खर्ची पडली.

मग 'सी' बरोबर आणि 'एस' चूक, असे समजावे काय? येथे इतिहास पुन्हा आडवा येतो. अशा करारांना ज्या तरतुदीचा आधार असतो, ती १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमातील कलम ५२ ची व्याख्या 'लायसन्स' हे नाम 'एस'नेच लिहिते. हा अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यालाही, लागू झाला. ब्रिटिश अमदानीतील मसुदाकारांवर वेब्स्टरचा प्रभाव होता असे कोणी म्हणणार नाही. त्या काळच्या इंग्रजीत या नामाची दोन्ही रूपे चालत. नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने हा ब्रिटिश भेद पुढे पक्का झाला. अमेरिकेत दोन्हींना 'एस' राहिला. तेव्हा निवड ही शुद्ध-अशुद्धाची नसून संकेताची आहे.

संकेत ओळखण्यातही घाई नको. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या इंग्रजी नावात 'लेबर'ला ब्रिटिश 'यू' आहे आणि 'ऑर्गनायझेशन'ला 'झेड'. पाहणाऱ्याला ही भेसळ वाटते, पण ती नाही. ऑक्सफर्डच्या छापखान्याने जपलेले हे ब्रिटनमधलेच एक वळण आहे. आपल्याकडे मात्र 'एस' रुळला. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या इंग्रजी नावात तो 'एस'च दिसतो. यांतले कोणतेही वळण घ्यावे, पण पहिल्या पानावर जे घेतले ते शेवटच्या पानापर्यंत न्यावे.

ते नेण्याची आमची रीत अशी आहे. मसुद्याला हात घालण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून ठेवतो : 'यू' ठेवायचा की गाळायचा, 'झेड' की 'एस', 'लायसन्स'चे नाम कसे आणि क्रियापद कसे, 'मीटर'चे काय. मग सर्व मजकूर निवडून संगणकाची तपासणीभाषा एकच करतो. जुन्या दस्तातून उचललेल्या परिच्छेदांना त्यांची जुनी भाषा चिकटलेली असते, म्हणून हे आवश्यक. तरीही यंत्रावर विसंबता येत नाही. ब्रिटिश इंग्रजी निवडली तरी ते 'झेड' आणि 'एस' ही दोन्ही रूपे मान्य करते. त्यामुळे तिसऱ्या पानावरचा 'एस' आणि सातव्या पानावरचा 'झेड' त्याला खटकत नाही. ते डोळ्यांनीच शोधावे लागते.

सर्वांत मोठा धोका एका फटक्यात सगळीकडे अक्षर बदलण्याचा. 'लायसन्स'मधला 'एस' सरसकट 'सी' केला, तर 'लायसन्सी' आणि 'लायसन्सर' ही पक्षकारांची नावेच बिघडतात. ब्रिटिश वळणातही त्यांना 'एस'च लागतो. जागेचे क्षेत्रफळ सांगणारा 'मीटर' ब्रिटिश रीतीने 'आर-ई'ने संपतो, पण भिंतीवरचा विजेचा 'मीटर' 'ई-आर'नेच. 'झेड'चा 'एस' करताना 'साइझ' बिघडतो. आणि उलट जाताना 'सुपरव्हाइझ', ज्याला अमेरिकेतही 'एस'च असतो.

दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही : विशेषनामे आणि अवतरणे. आपला दस्त 'सी'चा असला तरी कलम ५२ चे शब्द अवतरणात दिले की तेथे 'एस'च राहील. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे नाव 'एस'ने आणि भारताच्या संरक्षण मंत्रालयाचे 'सी'ने, एकाच परिच्छेदात आले तरी. वडोदऱ्याच्या वाचकांना हे सांगावे लागणार नाही. शहराचे इंग्रजी नाव बदलले, पण तेथे स्थापन झालेल्या बँकेच्या नावात 'बरोडा' अजून तसेच आहे.

मराठीतही आम्ही हेच पाहतो. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या खरेदीखतातला परिच्छेद नव्या दस्तात अवतरण म्हणून आला, तर 'नांव'वरचा अनुस्वार राहू द्यावा. आपला स्वतःचा मजकूर म्हणून आला, तर तो काढावा. उसना मजकूर कोणता आणि आपला कोणता, हे त्या एका टिंबावरून वाचणाऱ्याला कळते. आमच्या चौथ्या पानावर नेमके तेच कळेनासे झाले होते.