लातूरकडून येणारी गाडी

आमच्या थोरल्या आत्याची गाडी मुरुडला चुकली ती 1957 साली. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन वर्षही व्हायचं होतं. आत्या एकटीच पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघाली होती. गावाहून बैलगाडीने मुरुड, तिथून रात्रीच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि पुढे मोठ्या लाइनीवरून पुणं.

घरात हा विषय निघाला की चुलत आजोबा म्हणायचे, ‘‘निजामाची गाडी ती, तिचा कसला भरवसा!’’ मुलूख निजामाचा होता हे खरं, पण गाडी त्याची नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने काढलेल्या बार्शी लाइट रेल्वेची ती लाइन. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. 1897 मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1954 पर्यंत खासगी कंपनीकडेच राहिली. हे सगळं आम्हाला सांगितलं रेल्वेत गँगवर उमर गेलेल्या काकांनी. गाडी का चुकली, तेही त्यांनीच उलगडलं.

‘‘छोटी गाडी उशिराच येते, असं सगळा गाव धरून चालायचा. पण उशीर व्हायचा तो कुर्डुवाडीकडून येणाऱ्या गाडीला. मोठ्या लाइनीची गाडी आली नाही की हिला तिची माणसं घ्यायला थांबावं लागे, वर येडशीचा चढ. लातूरकडून येणारी तिथंच भरायची, तिथूनच सुटायची. मुरुड तिथून जवळ. तिला उशीर व्हायला जागाच कुठं होती?’’

बैलगाडी हाकणाऱ्या गड्याचा हिशोब कुर्डुवाडीकडून येणाऱ्या गाडीचा होता. तेरणेच्या काठावर बैलांना पाणी दाखवून, विडी ओढून तो निवांत निघाला. मुरुडला पोचले तेव्हा फलाटावर फक्त एक कुत्रं होतं. आत्याला उतरवून गडी लगेच माघारी फिरला, कारण दुसऱ्या दिवशी पेरणी होती.

मावशीला इथं दर वेळी स्वतःचीच गोष्ट आठवते. ‘‘माझीबी गाडी चुकली होती, आषाढीला, कुर्डुवाडीत. काय ती गर्दी!’’ तिला थांबवायला कुणी धजत नाही. पण कुर्डुवाडीत तिच्या भोवती हजारो वारकरी होते. मुरुडला आत्याजवळ होती एक पत्र्याची पेटी आणि विझत आलेला कंदील.

स्टेशनाच्या मागे राहणारी एक म्हातारी शेळी बांधायला बाहेर आली आणि तिने विचारलं, ‘‘अकेली कां बैठी बेटी? गाडी तो गई.’’ आत्याने नुसती मान हलवली. म्हातारीने पेटीची एक कडी धरली, दुसरी आत्याला धरायला लावली.

1957 हे साल इथं लक्षात ठेवायला हवं. रझाकारांच्या दहशतीत आमच्या भागातली हिंदू घरं जळली होती. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस ॲक्शननंतर त्याचा सूड निरपराध मुसलमानांवरही उगवला गेला. दिल्लीने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं लिहिली. मुरुड तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल कित्येक दशकं सर्वसामान्यांसमोर आला नाही. घरातली माणसंही त्यावर बोलत नसत. म्हातारीचे दोन मुलगे त्याच दिवसांत गेले होते. हे तिने आत्याला रात्री सांगितलं, चूल पेटवता पेटवता, आवाज न चढवता. कुणी मारले ते तिने सांगितलं नाही आणि आत्यानेही विचारलं नाही. आमच्या घरचा एक वाडा रझाकारांनी पेटवला होता, ते मात्र आत्या बोलून गेली. म्हातारी म्हणाली, ‘‘मालूम है बेटी.’’

पुढच्या भागावर अजून एकमत नाही. आजी शेवटपर्यंत सांगायची की म्हातारीने शेजारच्या वाण्याकडून शिधा आणला, कोरं मडकं दिलं आणि आपल्या लेकीने वेगळ्या चुलीवर स्वतः भाकरी थापली. शिध्याची रीत आपल्याकडे होतीच, त्यामुळे ते खोटं वाटत नाही. शिधा आला होता हे आत्याही मान्य करते. ‘‘पण ते पीठ तसंच राहिलं,’’ ती म्हणते. ‘‘तिने ज्वारीची भाकरी तव्यावरून काढली, पापुद्रा फुगलेला, तो फोडून आत तेल आणि तिखट घातलं आणि माझ्या हातावर ठेवली. मी सकाळपासून उपाशी होते. आईला मी काय सांगणार होते?’’

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत म्हातारीने तिला बायकांच्या घोळक्यात बसवून दिलं. ट्रेनिंग संपवून आत्या परतली, तेव्हापासून दर ईदला तिच्याकडे एक लुगडं धाडत राहिली. आजोबांना ठाऊक होतं, आजीला नव्हतं. म्हातारी गेल्यावर तिच्या पुतण्याने निरोप पाठवला, तो आजीच्या हाती पडला. आजीने पत्र वाचून घेतलं, काही बोलली नाही, पण पुढच्या ईदला लुगड्याचे पैसे तिनेच काढून ठेवले, पुतण्याच्या बायकोसाठी.