दप्तरी मराठीतील हरपलेला कर्ता

शासकीय मराठीच्या दुर्बोधतेचा दोष आपण बहुधा संस्कृत पारिभाषिक शब्दांना देतो. प्रस्तुत लेखाचा रोख शब्दांवर नसून वाक्यरचनेवर आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी पत्रांत विरामचिन्हे नाहीत आणि वाक्येही लांब असतात. तरीही आज्ञा कोणाची व कोणास, हे मायन्यावरूनच कळते. 'ऐसियास', 'सबब', 'तरी' हे शब्द मजकुराचे सांधे दाखवितात, आणि 'करणे', 'देणे' ही क्रियापदे आज्ञा उघडपणे सांगतात. म्हणजे केवळ लांबी हा दोष नव्हे. इंग्रजी अमदानीत कायदे व हुकूम भाषांतरित होऊ लागले, तेव्हा 'कडून' आणि 'जाणे' यांनी होणारी रचना इंग्रजीच्या धर्तीवर बळावली. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले व पुढे 'महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४' हा कायदा झाला. राज्यकारभाराची भाषा मराठी झाली, परंतु मसुद्याची घडण पुष्कळदा इंग्रजीच राहिली.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 'तहसीलदारांनी अर्ज तपासले' हा कर्मणी प्रयोग आहे, तथापि त्यात कर्ता स्पष्ट आहे. हा प्रयोग मराठीच्या प्रकृतीतला असून तो टाळण्याचे कारण नाही. 'अर्ज तपासण्यात आले' या रचनेत मात्र कर्ता सांगण्याची गरजच उरत नाही. आक्षेप आहे तो या दुसऱ्या रचनेवर.

उदाहरणासाठी रचलेले पुढील वाक्य पाहावे : 'अर्जदारांकडून सादर करण्यात आलेल्या अर्जांपैकी जे विहित मुदतीत प्राप्त झालेले असतील व ज्यांसोबत आवश्यक कागदपत्रे जोडण्यात आलेली असतील, त्यांची छाननी करण्यात येऊन पात्र ठरविण्यात आलेल्या अर्जदारांना तसे कळविण्यात येईल.' यात 'ण्यात येणे' ही रचना पाच वेळा आली आहे. छाननी कोण करणार व केव्हा कळविणार, हे मात्र एकदाही आलेले नाही.

आता प्रत्येक क्रियेला 'कोणी?' हा प्रश्न विचारावा आणि एका वाक्यात एकच क्रिया ठेवावी : 'अर्जदाराने कागदपत्रांसह ३० जूनपर्यंत अर्ज द्यावा. तहसीलदार अर्जांची छाननी करतील. पात्र अर्जदारांना ते १५ दिवसांत पत्राने कळवितील.' यातील अधिकारी, तारीख व मुदत मूळ वाक्यात नव्हती. ती मसुदा लिहिणाऱ्याला निर्णय घेणाऱ्याकडून विचारून घ्यावी लागतात. ती मिळाली नाहीत, तर दोष भाषेचा नसून निर्णयच अपुरा आहे, असे समजावे. अर्ज अडला तर कोणाकडे दाद मागावी, हे नागरिकाला अशाच वाक्यातून कळते.

या नियमाला मर्यादाही आहेत. कर्ता खरोखर अज्ञात असेल, तर 'दप्तर चोरीस गेले' हेच लेखन योग्य. आदेशातील 'ज्याअर्थी–त्याअर्थी' ही जोडी कारणे व आज्ञा वेगळी ठेवते, म्हणून तो भेद मोडू नये. कारणे क्रमांक घालून स्वतंत्र वाक्यांत द्यावीत आणि आज्ञा शेवटी, कर्त्याच्या नावानिशी लिहावी. जुन्या पत्रलेखकाचा कित्ता गिरवायचा तो एवढ्याचपुरता.