मेडले रिलेतील क्रमनिश्चिती आणि टेकओव्हरचा लाभ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

जलतरण हा मुख्यतः वैयक्तिक क्रीडाप्रकार मानला जातो. मेडले रिलेत मात्र चार जलतरणपटूंच्या वेळा एकत्र येतात आणि कोणाला कोणता प्रकार द्यावा हा प्रश्न पाण्यात उतरण्यापूर्वीच सोडवावा लागतो. हा प्रश्न कसा निर्माण झाला, त्याचे गणित कसे मांडले जाते आणि टेकओव्हरमुळे मिळणाऱ्या वेळेचा त्यावर कितपत परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्धेचा विकास

१९५१ साली नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मेडले रिले तीन जणांची होती. बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक व फ्रीस्टाइल असे तिचे तीन टप्पे असत. १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकणारे सचिन नाग हे या रिलेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही होते. त्या काळी बटरफ्लायला स्वतंत्र स्थान नव्हते. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीतच काही जलतरणपटू दोन्ही हात पाण्यावरून पुढे नेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर हे दोन प्रकार वेगळे करण्यात आले आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चार जणांची ४×१०० मीटर मेडले रिले प्रथमच घेण्यात आली.

या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. तीन जलतरणपटूंना तीन प्रकार वाटून देण्याचे सहा मार्ग असतात. चौघांना चार प्रकार द्यावयाचे झाल्यास ते चोवीस होतात. सहा मार्ग अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेत मावतात, चोवीस मावत नाहीत.

रिलेतील प्रकारांचा क्रम नियमाने ठरलेला आहे : बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय व फ्रीस्टाइल. वैयक्तिक मेडलेची सुरुवात बटरफ्लायने होते. रिलेची मात्र बॅकस्ट्रोकने. बॅकस्ट्रोकचा जलतरणपटू पाण्यात राहून, भिंतीला धरून सुरुवात करतो. तो मधल्या टप्प्यावर असता तर भिंतीकडे येणाऱ्या सहकाऱ्याच्या वाटेतच आला असता. म्हणून तो पहिला असतो, आणि म्हणूनच टेकओव्हरचा लाभ त्याला कधीही मिळत नाही.

वाटपाचे गणित

पनवेलच्या एका महाविद्यालयाचा संघ मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवडावयाचा आहे, असे उदाहरणादाखल मानू. चार जलतरणपटूंच्या १०० मीटरच्या वैयक्तिक वेळा (सेकंदांत) पुढीलप्रमाणे आहेत असे गृहीत धरू.

| जलतरणपटू | बॅकस्ट्रोक | ब्रेस्टस्ट्रोक | बटरफ्लाय | फ्रीस्टाइल |
|---|---|---|---|---|
| अ | ६६.० | ७५.० | ६३.० | ५७.० |
| ब | ६८.५ | ८०.० | ६५.० | ५८.० |
| क | ७२.० | ७६.० | ६७.५ | ६०.० |
| ड | ७१.० | ८२.० | ६४.५ | ५९.० |

'अ' चारही प्रकारांत सर्वांत वेगवान आहे. रूढ समजुतीप्रमाणे त्याला अखेरच्या फ्रीस्टाइलसाठी राखून ठेवले जाते. तसे केल्यास उरलेल्यांची सर्वोत्तम मांडणी 'ब' बॅकस्ट्रोक, 'क' ब्रेस्टस्ट्रोक आणि 'ड' बटरफ्लाय अशी होते व एकूण वेळ २६६.० सेकंद येते. आता 'अ' आणि 'ब' यांची केवळ अदलाबदल करावी. 'अ' बॅकस्ट्रोकला गेला की तेथे २.५ सेकंद वाचतात. 'ब' फ्रीस्टाइलला आला की तेथे १ सेकंद जातो. एकूण वेळ २६४.५ सेकंद होते. चोवीसही मांडण्या तपासल्या असता याहून कमी वेळ कोणतीही देत नाही.

यातून निघणारे तत्त्व सोपे आहे. एखादा जलतरणपटू कोणत्या प्रकारात सर्वांत वेगवान आहे, हा प्रश्न अपुरा ठरतो. त्याच्या जागी दुसरा आल्यास कोणत्या प्रकारात सर्वाधिक वेळ वाया जाईल, हे पाहावे लागते. अशा वाटपाची सर्वसाधारण रीत हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. कोनिग व एगेर्वारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कार्यावर ती आधारलेली असल्याने तिला 'हंगेरियन पद्धत' म्हणतात. चार जणांच्या संघासाठी मात्र कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.

टेकओव्हरचा लाभ

वैयक्तिक शर्यतीत संकेत ऐकल्यानंतर शरीर हलू लागते व त्यात अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ जातो. रिलेतील पुढील जलतरणपटूला सहकारी भिंतीकडे येताना दिसत असतो. त्यामुळे तो आधीच झेपेची तयारी करतो आणि स्पर्श होताच त्याचे पाय फलाटावरून सुटतात.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील अमेरिकेचा संघ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पिअरसोल, हॅन्सन, फेल्प्स व लेझॅक यांच्या त्याच ऑलिंपिकमधील वैयक्तिक अंतिम शर्यतींच्या वेळा अनुक्रमे ५२.५४, ५९.५७, ५०.५८ व ४७.६७ सेकंद होत्या. त्यांची बेरीज ३ मिनिटे ३०.३६ सेकंद येते. प्रत्यक्षात संघाने ३ मिनिटे २९.३४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. टप्प्यांच्या वेळा ५३.१६, ५९.२७, ५०.१५ व ४६.७६ अशा होत्या. टेकओव्हर मिळालेल्या तिघांनी अनुक्रमे ०.३०, ०.४३ व ०.९१ सेकंद वाचविले. टेकओव्हर न मिळालेला पिअरसोल स्वतःच्या वेळेपेक्षा ०.६२ सेकंदाने मागे राहिला. अर्थात हा सर्व फरक टेकओव्हरचाच आहे असे म्हणता येत नाही. त्या दिवसाची तयारी, थकवा आणि शेजारच्या लेनमधील प्रतिस्पर्धी यांचाही त्यात वाटा असतो.

हा लाभ क्रम ठरविताना मोजावा काय? तिघांनाही तो सारखाच मिळतो असे धरले, तर प्रत्येक मांडणीतून तीन वेळा तेवढीच वजाबाकी होते आणि मांडण्यांचा आपसातील क्रम बदलत नाही. वरील उदाहरणात दोन मांडण्यांतील अंतर १.५ सेकंद आहे. 'अ' आणि 'ब' यांच्या टेकओव्हरच्या कौशल्यात एवढी तफावत असणे संभवत नाही. अंतर दोन-तीन दशांश सेकंदाचे असेल तेव्हा मात्र विचार बदलतो. ज्याचे टेकओव्हर कच्चे आहे त्याला बॅकस्ट्रोक देणे तेव्हा श्रेयस्कर ठरते, कारण तेथे त्या उणिवेची किंमत मोजावी लागत नाही.

येथे एक चूक वारंवार संभवते. काही वेळा वैयक्तिक शर्यतींतून आणि काही पूर्वीच्या रिलेतून घेतल्या, तर दुसऱ्या गटातील जलतरणपटू आहे त्यापेक्षा वेगवान भासतो. तक्त्यातील एखादी वेळ त्याच जलतरणपटूच्या इतर नोंदींपेक्षा अर्ध्या सेकंदाने चांगली दिसल्यास ती कोठून आली, हे आधी तपासावे.

लाभ आणि जोखीम

टेकओव्हरला मर्यादाही आहे. विद्युत् उपकरणांनी होणाऱ्या नोंदीत स्पर्शापूर्वी ०.०३ सेकंदापर्यंतचे प्रस्थान ग्राह्य धरले जाते. २००७ च्या मेलबर्न विश्व अजिंक्यपद स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेचा इयान क्रॉकर बटरफ्लायच्या टप्प्यासाठी ०.०४ सेकंद आधी निघाला. संघ बाद झाला. प्राथमिक फेरीत न उतरलेल्या फेल्प्सची आठव्या सुवर्णपदकाची संधीही त्यासोबत गेली. शतांश सेकंदाच्या हव्यासाने सबंध शर्यत गमावली जाते, ती अशी.

निष्कर्ष

क्रमनिश्चिती ही प्रथम वाटपाची आणि नंतर टेकओव्हरची समस्या आहे. एकाच प्रकारच्या सुरुवातीने नोंदविलेल्या वेळांवरून आधी चोवीस मांडण्या तपासाव्यात. अगदी जवळच्या मांडण्यांमध्येच टेकओव्हरचे कौशल्य निर्णायक मानावे. प्राथमिक फेरीत संघ सहज पात्र ठरणार असेल, तर टेकओव्हर मुद्दाम सावध ठेवावे; तेथे गमावलेले दोन दशांश सेकंद अंतिम फेरीत कोणी मोजत नाही.