बाल्कनीत कबुतर जाळी आहे, मग मांजर सेफ आहे का? हाय-राइज फ्लॅटसाठी जाळी आणि खिडकीच्या मेशची पूर्ण माहिती

फ्लॅटमध्ये मांजर आणायचं ठरलं की बहुतेक जण बाल्कनीकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "जाळी आहेच की." ही जाळी कबुतरांसाठी लावलेली असते. कबुतर बाहेरून येतं, जाळीला धडकतं आणि परत जातं. मांजराचं उलट आहे. ते आतून जोर लावतं, पंजाने ओढतं, दाताने कुरतडतं, वर चढतं आणि कडेला जिथे ढील सापडेल तिथे डोकं घालून बघतं. एकदा डोकं गेलं की अंग मागोमाग जातं, कारण मांजराचं खांद्याचं हाड आपल्यासारखं छातीच्या पिंजऱ्याला घट्ट जोडलेलं नसतं.

म्हणजे जाळी आहे की नाही हे बघून भागत नाही. ती कशी बांधली आहे, ते बघावं लागतं.

मांजर पडतंच कसं?

मांजराचा तोल उत्तम असतो, त्यामुळे ते पडणार नाही असं लोकांना वाटतं. पण कठड्यावर बसलेल्या मांजरासमोरून कबुतर उडालं की ते विचार न करता झेप घेतं. झोपेत कूस बदलतानाही मांजरं पडतात. शिवाय झाडाच्या खोडात नखं रुततात, पण ग्रॅनाइटच्या ओट्यावर, पावडर कोटिंगच्या रेलिंगवर किंवा एसीच्या आउटडोअर युनिटवर ती रुतत नाहीत.

"मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावर उतरतं" हे अर्धं खरं आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोन डॉक्टरांचा १९८७ साली छापलेला एक अभ्यास यासाठी नेहमी शेअर होतो. त्यांनी इमारतीवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद तपासली होती आणि उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. पण हा आकडा दवाखान्यात पोचलेल्या मांजरांचा आहे. जी जागेवरच गेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आणि वाचलेल्यांमध्येही छातीला मार, जबडा आणि टाळू फाटणं, पाय मोडणं हे सर्रास होतं.

जाळीचं भोक नाही, जाळीची कड बघा

दुकानात पहिला प्रश्न भोकाच्या मापाचा येतो. मोठ्या मांजराला दीड इंचापर्यंतची जाळी चालते. पिल्लू असेल तर एक इंच किंवा त्याहून लहान घ्या. नायलॉनची पारदर्शक जाळी दिसायला छान असते, पण उन्हात टिकण्याच्या दृष्टीने काळी, यूव्ही स्टॅबिलाइज्ड एचडीपीई जाळी चांगली. काळ्या रंगासाठी घातलेलं कार्बन ब्लॅकच प्लास्टिकला उन्हापासून वाचवतं.

खरी गडबड कडेला होते. जाळीच्या कडेतून एक बॉर्डर दोरी ओवतात आणि ती दोरी भिंतीतल्या हुकांत अडकवतात. कबुतरासाठी हुक दीड-दीड फुटावर असले तरी चालून जातं. आता हिशोब करा. दोन हुकांमध्ये १८ इंच अंतर आहे आणि दोरी फक्त अर्धा इंच सैल आहे. मध्ये धरून ओढली तर ती भिंतीपासून २ इंचांहून जास्त सुटते. वर जाळी स्वतःही ताणली जाते. पिल्लाला आणि बारीक मांजराला एवढी फट पुरते. त्याच दोरीला तेवढीच ढील ठेवून हुक ६ इंचांवर लावले, तर फट पाऊण इंचाच्या आत राहते. दोरी तीच, जाळी तीच, फक्त हुक वाढले.

समजा बाल्कनीचं तोंड १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. चारही कडा मिळून ३८ फूट झाल्या. दीड फुटाच्या हिशोबाने साधारण २५ हुक लागतील, ६ इंचांच्या हिशोबाने ७६. जाळीवाले स्क्वेअर फुटावर रेट सांगतात, हुकांवर नाही. त्यामुळे ९० स्क्वेअर फुटांचा रेट ठरवतानाच "हुक सहा इंचांवर पाहिजेत" हे बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा. जास्तीच्या ड्रिलिंगचे ते थोडे वाढीव पैसे मागतील. द्या. खर्च कमी करायचाच असेल तर वरच्या स्लॅबच्या कडेला ९ इंच चालवून घ्या, खाली आणि खालच्या चार फुटांत बाजूला नको.

हुक कशात बसतोय?

नवीन टॉवरमध्ये बऱ्याच भिंती मिवान पद्धतीच्या, म्हणजे पूर्ण काँक्रीटच्या असतात. त्यात हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा बसलेला हुक हलत नाही. सिपोरेक्स म्हणजे एएसी ब्लॉकची भिंत मात्र मऊ असते. तिच्यात छोटा प्लास्टिकचा प्लग आणि हुक घातला तर आज घट्ट वाटतो आणि दोन महिन्यांनी हाताने फिरतो. पहिलं भोक पाडतानाच कळतं: ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि पांढरी भुकटी पडली तर तो ब्लॉक आहे. तिथे लांब प्लग आणि लांब स्क्रू वापरायला सांगा.

खालची कड सगळ्यात अवघड. बाल्कनीच्या फरशीत भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचंच नाव. रेलिंग ज्या छोट्या काँक्रीटच्या उंचवट्यावर उभी असते, त्याच्या आतल्या उभ्या बाजूला हुक लावा. रेलिंगचा खालचा पाइप आणि हा उंचवटा यांच्यात बऱ्याचदा तीन-चार इंचांची मोकळी जागा असते. जाळी पाइपलाच बांधून थांबले तर मांजर खालून सरपटत निघतं. म्हणून जाळी पाइपच्या खाली उंचवट्यापर्यंत न्या आणि पाइपलाही केबल टायने बांधा. टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात ठिसूळ होऊन तुटतात.

जाळी रेलिंगच्या आत की बाहेर? माझं मत आत. बाहेर लावली तर मांजर रेलिंगवर चढून सगळं वजन जाळीवर टाकतं. आत लावली तर खालचे साडेतीन फूट रेलिंगच जाळीला मागून आधार देते.

कुरतडणारं मांजर असेल तर एचडीपीई काय आणि नायलॉन काय, दोन्ही कापली जातात. अशा वेळी खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जीआय वेल्डेड जाळी रेलिंगला आतून बांधा. हार्डवेअरच्या दुकानात ती रोलमधून कापून मिळते. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायला विसरू नका.

इन्व्हिजिबल ग्रिल चालते का?

इन्व्हिजिबल ग्रिलमध्ये स्टेनलेस स्टीलच्या कोटेड तारा उभ्या ताणलेल्या असतात, साधारण दोन-दोन इंचांवर. लहान मुलांसाठी ती विचारपूर्वक बनवलेली असते. पिल्लू मात्र दोन इंचांतून जाऊ शकतं, आणि तार वर-खाली घट्ट असली तरी मधल्या उंचीवर दोन बोटांनी फाकवता येते. ग्रिल आधीच लावलेली असेल तर काढू नका. तिच्या आतून बारीक जाळी बांधा. जुन्या इमारतींतल्या लोखंडी बॉक्स ग्रिललाही हाच उपाय, आणि भाड्याच्या घरात तर सर्वात सोयीचा, कारण एकही भोक पाडावं लागत नाही.

खिडकीची मच्छरजाळी

स्लाइडिंग खिडकीतली मच्छरजाळी फायबरग्लासची असते आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या खाचेत रबराची दोरी दाबून बसवलेली असते. डास अडवायला ती पुरेशी आहे, चार किलोच्या मांजराने उडी मारली तर रबर सुटतं. तपासायला सोपं आहे: तळहात कोपऱ्याजवळ ठेवून हळूहळू दाबा. रबर खाचेतून वर आलं तर त्या जाळीवर विसंबू नका. वेल्क्रोने चिकटवलेली जाळी तर तपासायचीही गरज नाही.

त्याच फ्रेममध्ये स्टेनलेस स्टीलची मेश किंवा पेट मेश नावाने मिळणारी जाड, पीव्हीसी कोटेड पॉलिस्टर जाळी बसवून मिळते. पण तेवढ्याने काम संपत नाही. मांजर फ्रेममध्ये नख अडकवून अख्खं शटर सरकवतं. त्यामुळे मेशच्या शटरला लॉक हवं. लॉक नसेल तर शटर बंद करून मागे उरलेल्या ट्रॅकमध्ये मापाची लाकडी पट्टी आडवी ठेवा, शटर सरकणार नाही.

बाथरूमची खिडकी सगळे विसरतात. काचेच्या पट्ट्यांची ती खिडकी डक्टमध्ये उघडते, पट्ट्या नुसत्या खाचेत सरकवलेल्या असतात आणि मांजराने ढकलली तर एखादी निसटते. डक्टमध्ये पडलेलं मांजर कोणाला दिसतही नाही. तिथे आतून वेल्डेड जाळीचा चौकोन स्क्रूने बसवा.

लावून झाल्यावर

पैसे देण्याआधी मधोमध हाताने जाळी दाबा आणि कडेला प्रत्येक दोन हुकांमध्ये तीन बोटं घालून बघा. बोटं गेली तर तिथे अजून एक हुक. रात्री बाल्कनीचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च कडेकडेने फिरवा, दिवसा न दिसणाऱ्या फटी दिसतात. फोन मात्र जाळीच्या आतच ठेवा. सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला रिमाइंडर लावून त्यांच्याशी ताडून बघा. पावसाळ्यानंतर हुक गंजलेत का आणि उन्हाळ्यानंतर जाळी चोळल्यावर भुकटी सुटते का, धागे विस्कटलेत का, हे बघा. तसं दिसलं तर शिवत बसू नका, जाळी बदला. दर्शनी बाजूला काही लावण्याआधी सोसायटीची परवानगी घ्या. रंग त्यांच्या नियमात बसला नाही तर लावलेली जाळी काढायला सांगतात. आग लागली तर बाल्कनीत जाळी कापता यावी म्हणून एक कात्री दाराजवळ टांगून ठेवा.

आणि मांजर पडलंच तर? ते चालत असलं तरी त्याच दिवशी, लगेच डॉक्टरकडे न्या. फुप्फुसाभोवती हवा साठणं किंवा आतला रक्तस्राव सुरुवातीला दिसत नाही. तोंड उघडून श्वास घेणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या ही धोक्याची लक्षणं आहेत. उचलताना पाठ वाकू देऊ नका, ट्रेवर किंवा पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यात सरकवून घ्या, पाणी किंवा माणसांची पेनकिलर देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे.