अजिंठ्याचे शिलालेख आणि मराठीतील ऋकार

‘कृपा’, ‘पृथ्वी’, ‘दृष्टी’ हे शब्द मराठी माणूस ‘क्रुपा’, ‘प्रुथ्वी’, ‘द्रुष्टी’ असे उच्चारतो. ‘क्रुद्ध’, ‘द्रुत’, ‘श्रुती’ यांतील ‘रु’ आणि ‘कृपा’तील ऋकार यांत त्याच्या कानाला काडीचाही भेद जाणवत नाही. लेखनात मात्र हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. कानाला न कळणारा भेद लेखणीने का जपावा, असा प्रश्न यातून साहजिकच उद्भवतो. ऋकार काढून सर्वत्र ‘रु’ लिहावा, ही सूचनाही त्याच प्रश्नातून निघते. या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर वाघूर नदीच्या वळणावर कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांइतके सोयीचे स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. त्या एकाच कड्यावर ऋकार नसलेले लेखन आणि ऋकार असलेले लेखन अशा दोन्ही अवस्था पाहावयास मिळतात.

अजिंठ्याच्या प्राचीन लेण्यांपैकी दहावे लेणे हे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतील एक लहानसा दानलेख आहे. अक्षरवटिकेवरून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानला जातो. वासिष्ठीचा पुत्र कटहादी याने लेण्याचे ‘घरमुख’, म्हणजे दर्शनी मुख, दान केले, एवढाच त्याचा आशय. लेखाची भाषा प्राकृत आहे. त्यातील ‘घर’ हा शब्द मराठी वाचकाला चटकन ओळखू येतो, कारण दोन हजार वर्षे लोटली तरी त्याचे रूप बदललेले नाही. प्राकृत व्याकरणकार ‘घर’ हा ‘गृह’ शब्दाचा आदेश मानतात. मात्र पुढे ‘पति’ शब्द आल्यास हा आदेश होत नाही, असा अपवादही ते सांगतात. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांतून दात्यांसाठी येणारे ‘गहपति’ हे रूप या अपवादाशी नेमके जुळते. काही भाषाशास्त्रज्ञ ‘घर’ शब्दाचे मूळ ‘गृह’ शब्दात न शोधता अग्निवाचक निराळ्या धातूत शोधतात, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु ‘गहपति’ म्हणजे ‘गृहपति’ याविषयी वाद नाही, आणि त्यात ऋकाराच्या जागी शुद्ध ‘अ’ आहे.

हा ‘अ’ एकटा नाही. नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन राजा कृष्ण याचे नाव ‘कण्ह’ या वळणाने कोरलेले आहे. तेथेच नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्याच्या नावाचे संस्कृत रूप ‘ऋषभदत्त’ असे लावले जाते. म्हणजे एके ठिकाणी ऋकाराचा ‘अ’ झाला, तर दुसऱ्या ठिकाणी ‘उ’. ऋकाराचे स्वतंत्र चिन्ह या रूपांत नाही, कारण ते लिहिण्याजोगा ध्वनीच त्या भाषेत उरलेला नव्हता. मुळात ऋ हा स्वर होता. जिभेचे टोक वर उचलून काढलेला, स्वतःच अक्षराचा कणा होणारा असा तो रकार होता. लोकभाषेत हा स्वर इसवी सनापूर्वीच मावळला आणि त्याची जागा अ, इ, उ या साध्या स्वरांनी घेतली.

आजच्या मराठीच्या घरगुती शब्दसंपत्तीत ही तिन्ही फळे जशीच्या तशी आढळतात. मृत्तिकेची माती, तृणाचे तण, मृदूचे मऊ, नृत्याचा नाच, पृष्ठाची पाठ आणि कृष्णाचा कान्हा झाला. येथे ऋकाराचा ‘अ’ झाला आहे. दृष्टीची दीठ, शृंगाचे शिंग आणि वृश्चिकाचा विंचू झाला. येथे ‘इ’ आहे. प्रावृषाचा पाऊस, ऋजूचे उजू आणि पृच्छेपासून पुसणे ही रूपे ‘उ’काराची साक्ष देतात. या सर्व शब्दांत ‘रु’ कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘वृक्ष’ शब्दापासून आलेला ‘रूख’ हा अपवाद वाटतो. परंतु तेथे आरंभीच्या वकाराच्या लोपामुळे निराळी प्रक्रिया घडली असून व्याकरणकारांनीही त्या शब्दाची वेगळी नोंद केली आहे. यावरून एक निष्कर्ष निघतो. ऋकाराचा ‘रु’ हा उच्चार मराठीला लोकपरंपरेने लाभलेला नाही. तो पढिकांच्या मुखातून आला, आणि संस्कृत शब्द पुन्हा भाषेत घेतले गेले तेव्हा त्यांच्यासह आला.

हे पुनरागमन कसे घडले याची पहिली पावलेही अजिंठ्याच्या परिसरात दिसतात. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविले. त्याचा लेख इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून तो संस्कृतात आणि वृत्तबद्ध आहे. दहाव्या लेण्याच्या लेखात ज्याची गरज पडली नव्हती ते ऋकाराचे चिन्ह येथे व्यंजनाच्या पायाशी जोडलेले आढळते. हा पालट एका रात्रीत झालेला नाही. हरिषेणाच्याच वत्सगुल्म शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याचा १९३९ साली उजेडात आलेला वाशीमचा ताम्रपट या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा तपशील प्राकृतात. प्रतिष्ठेची भाषा आणि व्यवहाराची भाषा एकाच पत्र्यावर शेजारी नांदत होत्या. प्रतिष्ठेच्या भाषेचा विस्तार होत गेला, तसा ऋकारही लेखनात स्थिरावला.

लेखनात आला तरी तो मुखात परतला नाही. ज्यांच्या मातृभाषेत हा स्वर नव्हता त्यांनी तो व्यंजन आणि स्वर अशा जोडीने वाचला. उत्तरेकडे ‘रि’ असा, तर महाराष्ट्र, गुजरात, ओरिसा आणि दक्षिणेकडील तेलुगू-कानडी प्रदेशांत ‘रु’ असा उच्चार रूढ झाला. प्राचीन संस्कृत लेखांत ऋकाराच्या जागी ‘रि’ किंवा ‘रि’च्या जागी ऋकार कोरल्याच्या चुका संपादकांना वारंवार दुरुस्त कराव्या लागतात, त्याचे कारण हेच होय. मराठी विद्यार्थी आज ‘क्रुपा’ लिहितो तेव्हा तोही त्या लेखकांप्रमाणेच कानावर विसंबतो. त्याच्या चुकीची परंपरा दीड हजार वर्षांची आहे.

मग हा भेद ओळखावा कसा? याची एक साक्ष वृत्तात मिळते. ऋ हा स्वर असल्यामुळे ‘मृ’ हे जोडाक्षर नाही. ते ‘मि’ किंवा ‘मु’ यांसारखेच एक साधे ऱ्हस्व अक्षर आहे. म्हणून ‘अमृत’ शब्दातील ‘अ’ लघू राहतो आणि संपूर्ण शब्दाच्या तीन मात्रा होतात. तोच शब्द ‘अम्रुत’ असा लिहिला तर ‘म्रु’ या जोडाक्षरामुळे मागील ‘अ’ गुरू होतो आणि मात्रा चार भरतात. वराहदेवाच्या लेखासारख्या वृत्तबद्ध रचनेत एवढ्याने चरण बिघडतो. मोरोपंतांच्या आर्येतही मात्रांची मोजणी याच नियमाने चालते. आज बोलताना आपण ‘अम्-रुत’ असा शब्द फोडतो. परंतु आर्या म्हणताना जीभ ‘अ-मृत’ असा विभाग करते. भेद कानाला सर्वस्वी अगोचर आहे, हे विधान पद्याच्या बाबतीत तरी टिकत नाही.

दुसरी साक्ष शब्दाच्या कुळात मिळते आणि नित्याच्या लेखनाला तीच अधिक उपयोगी पडते. संस्कृतात ऋकाराचा गुण ‘अर्’ आणि वृद्धी ‘आर्’ अशी होते. उकाराचा गुण ‘ओ’ होतो आणि पुढे स्वर आल्यास त्याचा ‘अव्’ होतो. तेव्हा संशय येताच त्या शब्दाचा सगासोयरा आठवावा. दृष्टीचे दर्शन, सृष्टीचे सर्जन, तृप्तीचे तर्पण, स्मृतीचे स्मरण, पृथ्वीचे पार्थिव, हृदयाचे हार्दिक आणि वृद्धाचे वार्धक्य या जोड्यांत ‘अर्’ किंवा ‘आर्’ दिसतो, म्हणून तेथे ऋकारच हवा. उलट क्रुद्धाचा क्रोध, श्रुतीचे श्रवण, द्रुताचा द्रव आणि ध्रुवाचे ध्रौव्य या जोड्यांत रकारानंतर उकाराचे कूळ उघड होते, म्हणून तेथे ‘रु’ हवा. ‘कृपा’ शब्दाचा असा सोयरा मराठीत सहजी सापडत नाही. परंतु त्याच्याच कुळातील ‘कृपण’ शब्दाचे ‘कार्पण्य’ होते आणि शंका फिटते.

ही कसोटी लावताना एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. काही धातूंत मूळचा ‘र’ विशिष्ट प्रत्ययापूर्वी आकुंचन पावून ऋकार होतो. ‘अनुग्रह’ आणि ‘अनुगृहीत’, ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’ ही त्याची उदाहरणे. ‘ग्रहण’ डोळ्यांपुढे ठेवून ‘ग्रहित’ लिहिण्याची चूक येथूनच उगम पावते. शुद्ध रूप ‘गृहीत’ होय. अशा कुळांत सोयऱ्या शब्दात ‘र’ नंतर ‘अ’ येतो, ‘उ’ किंवा ‘ओ’ येत नाही, एवढे पाहिले की निर्णय चुकत नाही. क्वचित मात्र संस्कृतातच दोन्ही रूपे नांदतात. ‘भृकुटी’ आणि ‘भ्रुकुटी’ किंवा ‘कृमी’ आणि ‘क्रिमी’ यांपैकी एकालाच शुद्ध ठरविण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

लेखनसुधारणेच्या प्रश्नाकडे या इतिहासाच्या उजेडात पाहिले पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ‘दृष्टि’ शब्दाचा अंत्य इकार उच्चारानुसार दीर्घ केला आणि ‘दृष्टी’ हे रूप रूढ केले. ऋकाराला मात्र हात लावला नाही. या वरवर विसंगत दिसणाऱ्या निर्णयामागे तारतम्य आहे. अंत्य स्वराची दीर्घता बदलल्याने शब्दाचे कूळ लपत नाही, आणि समासात ‘दृष्टिकोन’ असे मूळ रूप कायमही राहते. ‘द्रुष्टी’ लिहिल्याने मात्र ती ‘दर्शना’पासून तुटते आणि ‘द्रुत’, ‘द्रव’ यांच्या घरात जाऊन बसते. लिहिणाऱ्याचे श्रम एका चिन्हापुरते कमी होतील. परंतु ज्या कसोटीने तो इतर शब्दांचे लेखन ठरवितो ती कसोटीच हातची जाईल.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही निराधार नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील लेखकाने जे ऐकले तेच लिहिले, आणि त्याच्या भाषेतूनच पुढे मराठी घडली. त्याला ऋकाराची उणीव भासली नाही, कारण त्याच्या भाषेत ‘घर’, ‘कण्ह’ अशी स्वतःची रूपे होती. आजची मराठी मात्र माती आणि मृत्तिका, दीठ आणि दृष्टी, नाच आणि नृत्य अशा दुहेरी संपत्तीवर जगते. यांतील पहिल्या शब्दांना ऋकार नको असतो, म्हणून तो त्यांत नाही. दुसऱ्या शब्दांबरोबर तो वराहदेवाच्या लेखाच्या वाटेने आला आहे, आणि ते शब्द भाषेत राहतील तोवर त्यांचे कूळ सांगण्याचे काम त्यालाच करावे लागेल.