दोषारोपाकडून सांत्वनाकडे

इंग्लंडमधील लिंकन शहरात १९३५ साली चॅड वारा या तरुण पाद्र्याच्या वाट्याला पहिलाच अंत्यविधी आला, तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिने आत्महत्या केली होती. ऋतुप्राप्तीची लक्षणे दिसताच आपल्याला लज्जास्पद रोग जडला, अशी तिची समजूत झाली होती. एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीने दोन वाक्यांत तिचे भय घालविले असते. पण विचारावे असे कोणी तिला जवळचे वाटले नाही. वारा यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तिला पवित्र मानलेल्या भूमीबाहेर पुरण्यात आले.

या कठोरपणामागे जुनी परंपरा होती. आत्महत्या म्हणजे मनुष्यवधच, हे पाचव्या शतकातील संत ऑगस्टीनचे मत चर्चने स्वीकारले. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथाने अशा मृताला अंत्यप्रार्थना नाकारली. चव्हाट्यावर पुरण्याची प्रथा १८२३ च्या कायद्याने बंद झाली. मात्र दफन रात्री नऊ ते बारा या वेळात, प्रार्थनेविना करावे असे ठरले. ही वेळेची अट १८८२ साली गेली. रोमन कॅथॉलिक पंथाच्या १९१७ च्या धर्मसंहितेतही बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला धर्मविधी नाकारला होता, आणि ती संहिता गोव्यातील व वसईतील चर्चलाही लागू होती. उद्देश जिवंतांना धाक बसावा हा होता. परंतु मृत व्यक्ती त्या शिक्षेच्या पलीकडे गेलेली असे. शिक्षा भोगावी लागे ती तिच्या आईबापांना. पाद्र्याचे मौन म्हणजे निकालच, असे त्यांना वाटे.

हा निकाल हळूहळू मागे घेतला गेला. १९८३ च्या कॅथॉलिक संहितेत ती मनाई राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने मानले की, तीव्र मनोविकार, भय वा यातना यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि तिच्या उद्धाराविषयी निराश होऊ नये.

मौन सुटल्यावर काय बोलावे, हा प्रश्न मात्र उरला. जाणता धर्मोपदेशक मृत्यूचे कारण कुजबुजीवर सोडत नाही. कुटुंबाची संमती असेल तर तो ते एकदा स्पष्ट उच्चारतो, पण मृत्यू कसा ओढवला याचे वर्णन करीत नाही. मृताच्या अखेरच्या घटकेपेक्षा त्याच्या साऱ्या आयुष्याविषयी तो बोलतो. मृत्यूने तो सुटला, त्याला शांती लाभली, अशी भाषा मात्र तो टाळतो. कारण समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी मनात तोच विचार घोळत असेल, आणि त्याला ती वाट मोकळी वाटू लागेल.

सर्वांत अवघड असते ते अपराधाचे ओझे. ‘त्या दिवशी मी घरी थांबलो असतो तर?’ हा प्रश्न प्रत्येक जवळच्या माणसाला छळतो. मृत्यूनंतर मागे वळून पाहता मृताची प्रत्येक कृती खूण वाटू लागते. पण घडत असताना तीच कृती रोजच्यासारखी होती. शेवट ठाऊक झाल्यावरचे ज्ञान आदल्या दिवशी कोणाजवळ नव्हते, हे प्रवचनात सावकाश सांगावे लागते. ‘तुमचा दोष नाही’ एवढेच म्हटले तर दुःखी माणसाला ते खोटे वाटते.

तरीही प्रवचन पाव घटकेत संपते आणि अपराधभाव रात्री परततो. म्हणून त्याचा शेवट ठोस असावा लागतो: या घरी कोणी, कोणत्या दिवशी जायचे, मृताचे नाव टाळायचे नाही, आणि झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटले, तर कोणाकडे धाव घ्यायची.

वारा यांना त्या थडग्यापाशी हीच उणीव जाणवली होती. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून त्यांनी निराशाग्रस्तांसाठी दूरध्वनीसेवा सुरू केली. भेटीला येणाऱ्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसत. त्यांच्याशी बोलूनच अनेकांचे मन हलके होई आणि ते वारांना न भेटताच परतत. हे ध्यानी येताच वारांनी १९५४ च्या फेब्रुवारीत ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपविले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. इंग्लंडच्या कायद्याने आत्महत्येला गुन्हा मानणे सोडले, ते त्यानंतर, १९६१ साली.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून, त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. २०२२ पासून शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. प्रार्थनेनंतर हा क्रमांक मोठ्याने वाचून दाखविण्यात विधीचा कोणताही भंग होत नाही. लिंकनच्या त्या मुलीलाही, न रागावता तिचे ऐकून घेणारे एक माणूसच हवे होते.