मनोविकृती-संक्रमणाचे भाकीत करणाऱ्या प्रारूपांमधील त्रुटी

मनोविकृती-संक्रमणाचे भाकीत म्हणजे सौम्य किंवा अल्पकालीन लक्षणांमुळे उच्च जोखमीच्या गटात गणल्या गेलेल्या व्यक्तीला ठराविक काळात सायकोसिस होण्याची संभाव्यता वर्तवणे होय. अशा गटातील बहुतेकांना सायकोसिस होत नाही. त्यामुळे मशीन लर्निंगच्या प्रारूपाला शिकण्यासाठी संक्रमणाची फार थोडी उदाहरणे मिळतात आणि पुढील बहुतेक त्रुटी यातूनच उद्भवतात.

अतिजुळणी

उदाहरणांच्या तुलनेत गुणधर्म जास्त असल्यास प्रारूप आजाराऐवजी त्या नमुन्यातील योगायोग शिकते. यालाच अतिजुळणी (ओव्हरफिटिंग) म्हणतात. गिलिंडर बेदी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये न्यू यॉर्क येथील ३४ तरुणांच्या मुलाखतींमधील भाषेचे विश्लेषण केले. त्यांपैकी ५ जणांना पुढे सायकोसिस झाला. प्रत्येक वेळी एक व्यक्ती बाजूला ठेवून केलेल्या पडताळणीत भाकिते १०० टक्के अचूक ठरली. परंतु ५ पैकी ५ रुग्ण ओळखले गेले, तरी संवेदनशीलतेचा ९५ टक्के विश्वासांतराल सुमारे ४८ ते १०० टक्के इतका रुंद राहतो.

अशा पडताळणीतही गुणधर्मांची निवड संपूर्ण नमुन्यावर आधीच केली, तर बाजूला ठेवलेल्या व्यक्तीची माहिती प्रारूपात झिरपते. म्हणून निवडीसह प्रत्येक पायरी पडताळणीच्या आत, दर वेळी नव्याने करावी लागते.

अचूकतेचा भ्रम

२०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ५९ जणांवर तयार केलेले भाषिक प्रारूप न्यू यॉर्कच्या त्याच ३४ जणांवर तपासले गेले. अचूकता ८३ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर आली. मात्र त्या ३४ जणांपैकी ‘कोणालाही सायकोसिस होणार नाही’ असे सरसकट सांगितले असते, तरी अचूकता ८५ टक्के भरली असती, जरी त्यातून एकही रुग्ण सापडला नसता. त्यामुळे संवेदनशीलता व विशिष्टता स्वतंत्रपणे देणे आवश्यक असते.

अंशांकन

ज्यांची जोखीम २० टक्के सांगितली, अशा शंभर जणांपैकी सुमारे वीस जणांना आजार झाला, तर प्रारूपाचे अंशांकन (कॅलिब्रेशन) योग्य मानतात. व्यक्तींना जोखमीच्या चढत्या क्रमाने बरोबर लावणारे प्रारूपही येथे चुकू शकते. उदाहरणार्थ, १५ टक्के संक्रमण असलेल्या नमुन्यात रुग्णांच्या नोंदी वाढवून प्रमाण ५० टक्के केले, तर प्रारूपाने सांगितलेल्या ५० टक्के जोखमीचा खरा अर्थ सुमारे १५ टक्के असतो. हा आकडा तसाच वापरल्यास गरज नसलेल्या तरुणाला औषधोपचार आणि आजाराचा शिक्का सहन करावा लागू शकतो.

प्रामाणिक मांडणी

‘ट्रायपॉड’ (२०१५) या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागींची व संक्रमणांची संख्या, गहाळ नोंदींची हाताळणी, पडताळणीची पद्धत, विश्वासांतराल आणि अंशांकन नमूद करणे अपेक्षित आहे. २०२४ मध्ये या तत्त्वांची मशीन लर्निंगसाठी सुधारित आवृत्ती निघाली. तपासलेली परंतु अपयशी ठरलेली प्रारूपे नोंदवली नाहीत, तर उरलेल्या एका प्रारूपाचे यश किती योगायोगाचे आहे, हे वाचकाला ठरवता येत नाही.